चकती तीच, पाणी तेच

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात पाण्याचा सगळा हिशेब ज्यांच्याकडे होता, त्यांना लोक पाणीसाहेब म्हणत. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी माणसांवर क्वचित आणि सूत्रांवर नेहमीच विश्वास ठेवला होता. सूत्र तोंडदेखलं बोलत नाही, असं ते म्हणत. म्हणूनच त्या आठवड्यात त्यांचं डोकं चालेनासं झालं.

घडलं ते असं. धुलाईची उंच टाकी दुरुस्तीसाठी रिकामी करायची होती. खालच्या हौदातला पंप ठरावीक पाणीच उपसू शकत असल्यामुळे साहेबांनी टाकीच्या बुडाला लहान भोकाची चकती बसवायला लावली होती. हिशेब सरळ होता. पाण्याची उंची हीच त्याची ऊर्जा. भोकाशी ती वेगात बदलते आणि वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे घटत जातो. भोकातून जेवढं पाणी जाईल, तेवढीच टाकीतली पातळी उतरणार. बाहेर पडताना धार आकसते, त्याचीही सूट त्यांनी धरली होती. टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायची होती, शेवटी तर रडतखडत. प्रत्यक्षात ती निम्म्याहून कमी वेळात कोरडी झाली, हौद तुडुंब भरून वाहिला आणि शेजारच्या गोदामातले तयार कापडाचे गठ्ठे भिजले.

मॅनेजरना दोष द्यायला माणूस हवा होता. माणूस हाताशीच होता: चकती बसवणारा फिटर, तात्या.

"तात्या, खरं सांग," साहेब म्हणाले. "घाई होती म्हणून चकती काढलीस ना?"

"साहेब, पोराबाळांची शपथ. हात नाही लावला. भोकाखाली तेवढा पाइप जोडला, तुम्हाला विचारून. उंचावरून पाणी पडून सगळीकडे शिंतोडे उडत होते."

"पाइपाने पाणी अडतं, तात्या. घासून जातं. उलट वेळ वाढायला हवा."

"ते मला काय ठाऊक? शेवटपर्यंत धार जोरात होती एवढं मी पाहिलं."

हे तर सरळसरळ खोटं वाटलं. पातळी उतरत आली की धार मरायलाच हवी. साहेबांनी भोक मोजलं. केसाचाही फरक नव्हता. म्हणजे तात्याने चकती काढून नंतर परत बसवली असणार, असं मनाने उत्तर देऊन टाकलं, आणि त्या उत्तराची त्यांना स्वतःलाच किळस आली. घरी बायको म्हणाली, "तात्या तुमच्याकडे किती वर्षं आहे? कधी खोटं बोललाय?" साहेबांनी भाताचा घास हातात धरून ठेवला. "नाही," ते म्हणाले, "पण पाणीही कधी खोटं बोललेलं नाही."

सकाळी त्यांनी कारखान्याच्या आवारात उंच घडवंचीवर एक पिंप चढवलं, बुडाला तीच चकती बसवली आणि पाणी सोडलं. पिंप अगदी हिशेबाबरहुकूम रिकामं झालं, शेवटी धार बारीक होत होत. साहेबांना हायसं वाटलं; तात्याचा चेहरा उतरला.

"झालं की तुमचं. आता पाइप लावून बघा," तात्या म्हणाला. "फाशी द्यायचीच तर दोन्ही बाजू ऐकून द्या."

"लाव. अजून हळू जाईल, बघ."

भोकाच्याच मापाचा पाइप चकतीला घट्ट बसवला. त्याचं दुसरं टोक खाली उघडं. पुन्हा पिंप भरलं. पाणी जे सुटलं, ते थेट तळ दिसेपर्यंत तसंच सुटत राहिलं. साहेब घड्याळ बघायचंच विसरले.

"पुन्हा भर," ते म्हणाले. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच.

ते जमिनीवर उकिडवे बसले आणि काडीने पिंप काढू लागले. ऊर्जेचं समीकरण दोन ठिकाणांमध्ये मांडतात. एक वरची पातळी. दुसरं? ते आजवर भोक धरत आले होते, कारण भोकाशीच पाणी उघड्या हवेत यायचं. आता ते पाइपाच्या टोकाला हवेत येत होतं. म्हणजे उंची भोकापर्यंत नव्हे, टोकापर्यंत मोजायची. पाइप भरून वाहत होता. त्यातलं उतरणारं पाणी वरच्याला ओढत होतं. घर्षण होतं, पण या ओढीपुढे ते किरकोळ. टाकी संपत आली तरी पाइपाची उंची शिल्लकच राहत होती. मग धार मरणार कशी?

समीकरण बरोबर होतं. दुसरं ठिकाण चुकलं होतं. आणि पाइप लावायला "लाव, काय फरक पडतो" म्हणणारं तोंड त्यांचंच होतं.

एवढं उलगडूनही गोंधळ सरेना. उंची चुकीच्या जागी मोजली असेल, ही शंका त्यांना एकदाही शिवली नव्हती. माणूस खोटा असेल, ही पहिल्याच क्षणी आली होती. शिकलेल्या माणसाला ही दुसरी शंका इतकी स्वस्त का पडते?

ते मॅनेजरांच्या खोलीत गेले. "चूक माझी आहे. पाइपामुळे पाणी जास्त जोरात गेलं."

मॅनेजर हसले. "पाणीसाहेब, पाइप लावल्यावर पाणी जोरात? तात्याला वाचवायचंय ते कळतंय, पण थाप तरी पचेल अशी मारा."

 काल हेच हसू साहेबांच्या तोंडावर होतं.

"चला माझ्याबरोबर," ते म्हणाले आणि खिडकीतून आवारात हाक दिली, "तात्या, पिंप भर रे."

"चौथ्यांदा?" खालून आवाज आला. "भरतो. पण या वेळी घड्याळ तुम्ही बघा, साहेब."