अकरा रुपये दहा पैसे

१४ मार्च १९८३. रक्कम अकरा रुपये दहा पैसे, एक किलो तिखटाची. रामदासपेठेतल्या वकिलांच्या कचेरीत हजर होते वकील, तिखटाच्या गिरणीचे मालक, इतवारीतला एक अडत्या आणि मी. मी परिव्यय लेखापाल, म्हणजे वस्तूवर प्रत्यक्षात किती खर्च बसतो ते काढून देणारा माणूस. घरात दोन मुलींची शिक्षणे चालू होती, आणि हे काम नोकरी सांभाळून करत होतो.

बाहेरून आलेल्या एका मोठ्या कंपनीने शहराबाहेर गिरणी टाकली होती. ती दुकानदारांना अकरा रुपये दहा पैसे भावाने तिखट देऊ लागली. आमच्या गिरणीमालकांचा भाव सव्वातेरा होता. चार महिन्यांत त्यांचा खप निम्म्यावर आला. बँकेचा हप्ता दोनदा चुकला, आणि असाच उन्हाळा गेला तर गिरणी बंद पडणार हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले.

मक्तेदारीविरुद्धच्या कायद्यात एक कलम होते: स्पर्धकाला संपवणारा भाव लावता येत नाही. पण किती कमी भाव म्हणजे संपवणारा, हे कायदा सांगत नव्हता. एकट्या गिरणीवाल्याला थेट दिल्लीच्या आयोगापुढे जाताही येत नव्हते, किमान पंचवीस सभासदांची संघटना लागे. सव्वीस मसालेवाल्यांनी सह्या केल्या. मोजमापासाठी वकिलांनी अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी सुचवलेली एक कसोटी धरली होती. त्यांनी ती अशी समजावली: गिरणी आज बंद ठेवली तर जो खर्च वाचतो, तो बदलता खर्च. मिरची, वीज, पिशवी, रोजंदारी. भाडे, व्याज, कायम माणसांचा पगार वाचत नाही, ते धरायचे नाहीत. किलोमागे हा बदलता खर्च जितका येतो त्याच्याही खाली कोणी विकत असेल, तर त्याला प्रत्येक किलोला बंद गिरणीपेक्षा जास्त तोटा होतो. असा तोटा कोणी धंद्यासाठी सोसत नाही, दुसऱ्याला उठवण्यासाठी सोसतो.

“एकूण खर्चाच्या खाली विकणं पुरेसं नाही,” वकील म्हणाले. “मंदीत सगळेच तसं विकतात.”

कंपनीच्या वह्या आम्हाला मिळणे शक्य नव्हते. त्या मागवायच्या तर आयोगानेच, आणि आयोगाने मागवाव्यात म्हणून आधी आम्हीच काहीतरी दाखवायचे. अडत्याने कंपनीच्या मिरची खरेदीच्या पाच पावत्यांच्या नकला आणल्या. भिवापूरची मिरची, क्विंटलला नऊशे रुपये. मला त्या नकला मिळाल्याचा आनंद झाला नाही. हा माणूस दोघांनाही माल देतो, मग एकाचे कागद दुसऱ्याला का देतो, हे मी गिरणीमालकांना विचारले.

“त्याले दोघंबी जित्ते पायजेत, साहेब,” ते म्हणाले. “एकच गिऱ्हाईक उरलं तं भाव तेच सांगन.”

ते पटण्यासारखे होते. तरी मी त्या पावत्या दुसऱ्या दोन अडत्यांच्या भावाशी ताडून पाहिल्या. भाव खरे होते.

मग शंभर किलो मिरचीचे तिखट किती पडते ते काढायचे होते. गिरणीमालकांच्या वहीप्रमाणे साडेचौऱ्याण्णव किलो. देठ आणि वाळण्याची तूट पाहता मला हा आकडा फुगलेला वाटला. बिया विकत आणून मिसळत असावेत, किंवा त्याहून वाईट काही, असा संशय आला. त्यांना विचारले तर म्हणाले, “वहीत हाये ते बरोबर हाये,” आणि चहा मागवला. मी स्वतः काट्याजवळ उभा राहिलो, शंभर किलो तोलून घेतले, दळून घेतले. नव्वद भरले. वही बाजूला ठेवून मी नव्वद धरले.

नऊशेला नव्वद, म्हणजे किलोला दहा रुपये मिरची. बाकीचे आकडे आमच्या गिरणीचेच धरले: वीज तीस पैसे, पिशवी पंचावन्न, रोजंदारी चाळीस, वाहतूक आणि जकात पंचवीस. साडेअकरा. कंपनीचा भाव चाळीस पैशांनी खाली. वकील दोन दिवस खूश होते.

तक्रारीसोबत खर्चाचा दाखला माझ्या सहीचा जाणार होता, म्हणून मी रजा काढून भिवापूरच्या बाजारात गेलो. हमाल पोती तोलत होते. एका शेतकऱ्याचा काटा एकशे पाचावर आला आणि अडत्याच्या दिवाणजीने पावतीवर शंभर लिहिले. पुढच्या पोत्यांचेही तसेच. मी विचारले, वरचे पाच किलो कुठे गेले?

“कडता आहे तो,” दिवाणजी म्हणाला. “माल वाळते ना पुढं. समदेच घेतात.”

बाजार समितीची त्याला मनाई आहे, असे मी म्हटले. त्याने वर न पाहता सांगितले, “म्हणून तं लिहीत नाही.”

परतीच्या बसमध्ये मी हिशेब पुन्हा केला. नऊशे रुपयांत प्रत्यक्ष येतात एकशे पाच किलो. त्यांचे नव्वद टक्क्यांनी तिखट साडेचौऱ्याण्णव. वही खरी होती आणि माझा काटाही खरा होता. मिरची किलोला नऊ रुपये बावन्न पैसे, एकूण बदलता खर्च अकरा रुपये दोन पैसे. कंपनीचा भाव त्याच्या आठ पैसे वर.

गिरणीमालकांना मी विचारले, आधी का नाही बोललात?

“काहून बोलू? मीबी घेतोच ना कडता. कास्तकाराचा माल हाये तो. तुमच्यासारख्या परक्या माणसाले कोण सांगते?”

वकिलांनी सुचवले की कडत्याचे नाव काढू नये, कागदावर तो कुठेच नाही. मी म्हटले, कंपनी त्याच बाजारात घेते. तिचा माणूस पहिल्याच दिवशी मला विचारेल आणि मी शपथेवर असेन. कडता बेकायदा आहे म्हणून धरू नका असे सांगायचे, तर आमच्या सव्वीस जणांनी आधी आपण तो घेतो हे कबूल करायला हवे. शिवाय तिचे कामगार रोजंदारीवर आहेत असे मी नुसते गृहीत धरले होते. ते कायम निघाले तर तिचा बदलता खर्च आणखी चाळीस पैसे खाली. तिने हंगामाच्या सुरुवातीला क्विंटलला सातशेने घेऊन साठवलेली मिरची दाखवली तर आणखी खाली.

“म्हणजे ते आम्हाले मारून नाही राहिले?” गिरणीमालकांनी विचारले.

मारत आहेत अशी माझी खात्री होती, आजही आहे. दाखल्यावर खात्री लिहिता येत नाही. मी सही केली नाही. वकिलांनी तक्रार दाखल केली नाही.

गिरणी ऑगस्टमध्ये बंद झाली. ऑक्टोबरात कंपनीचा भाव चौदा रुपये वीस पैसे झाला. मी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, चौदा वीसचा भाव कोणत्याही खर्चाच्या वर आहे, आणि तेव्हाचा खर्च भावाच्या आठ पैसे खाली होता हे तुम्हीच काढलेले आहे. मिरचीचा भाव हंगाम संपल्यावर चढतोच, असेही कंपनी म्हणेल, असे त्यांनी सांगितले. तसा तो थोडा चढलाही होता.

दोन्ही चक्क्या, मोटारी आणि काटे कंपनीने अठ्ठेचाळीस हजारांना घेतले. सौदा त्याच अडत्याने जमवला. बँकेला तेहेतीस हजार पाचशे. चार कायम कामगारांना प्रत्येकी चोवीसशे, मिळून नऊ हजार सहाशे. गिरणीमालकांच्या हाती तीन हजार नऊशे चाळीस. माझी फी मी घेतली नाही, कारण दाखला दिला नव्हता. दलाली दोन टक्के, नऊशे साठ रुपये, अडत्याला आमच्या बाजूने. कंपनीच्या बाजूने त्याला किती मिळाले, याची पावती मी पाहिलेली नाही.