सरासरी सरी

साठच्या दशकात बंगळूरच्या एका शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवत असे. शिकवण्याच्या तीन पद्धती, प्रत्येकीत दहा मुलं आणि सरासरी गुण अठ्ठेचाळीस, बावन्न, छप्पन्न. त्यावरच्या काचेच्या स्लाइडी मी स्वतः रंगवल्या होत्या.

तिसरी पद्धत प्राचार्यांची. ते बेळगावकडचे, माझ्याशी मराठीतच बोलत, पण कानडीतलं 'सरी', म्हणजे ठीक, त्यांच्या जिभेवर बसलेलं. पहिली स्लाइड पाहून म्हणाले, "सरासरी सरी आहे. छप्पन्न सगळ्यात जास्त. बाकीच्या कशाला?"

"सर, एकाच पद्धतीनं शिकलेल्यांतही कुणाला पंचवीस आहेत, कुणाला पंच्याऐंशी. गटागटांमधला फरक वर, गटाच्या आतला खाली, तो भागाकार म्हणजे एफ. पद्धतींनी काहीच फरक पडत नसला तरी तो एकच्या आसपास येतो. आपला एकशे साठ भागिले तीनशे वीस, म्हणजे अर्धाच."

"उद्या इन्स्पेक्टरसाहेब येणार. छेदाची स्लाइड काढा."

माझं डोकं सणकलं. छेद झाकला की कुठलाही अंश मोठाच दिसतो, हे मी वर्गात घसा फोडून सांगायचो. तोंडून मात्र निघालं, "सरी, सर."

दुसऱ्या दिवशी टाळ्या पडल्या आणि ती पद्धत सगळ्या वर्गांना लागू झाली. प्राचार्यांवरचा राग केव्हाच ओसरला. पण दुकानदार सुटे पैसे देताना सहज "सरी" म्हणाला, तरी अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.