जिभेखालचा पडदा

वाणीची अधिष्ठात्री श्रीशारदा आणि आमच्या देवघरातील बाळकृष्ण यांना वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. आज माझ्या नातीला वर्ष पूर्ण झाले. औक्षण नको, कोणाला बोलावणे नको, असे तिच्या आईने, म्हणजे माझ्या लेकीने, आधीच कळविले आहे. तिच्या नकाराचे कारण मी आहे. ते कोणी दुसऱ्याने सांगण्यापूर्वी मीच सांगावे, हे उचित.

लेक बाळंतपणासाठी निपाणीला माहेरी आली होती. प्रसूती सुखरूप झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाळंतीण घरी आली. बाळ रडले तेव्हा मी प्रथमच त्याचे मुख नीट पाहिले. जिभेचे टोक वर उचलले जात नव्हते. मधोमध खाच पडून ते पिंपळपान उलटे धरल्यासारखे दिसत होते. उभे आयुष्य मी पाठशाळेत मुलांना उच्चार शिकविण्यात घालविले. जीभ पाहिली की मला वाणीच आठवते. मी हर्षाने म्हणालो, "हे देवीचे चिन्ह आहे. ही पोर वाक्संपन्न होणार." पत्नीने लगेच दृष्ट काढली. घरात कौतुक झाले आणि त्या कौतुकाखाली लेकीचे दुखणे दडपले गेले.

त्याच दुपारी आमच्या भागातील आशाताई झोळीचा काटा घेऊन आल्या. वजन थोडे उतरले होते. पहिल्या दिवसांत इतके उतरते, असे त्या म्हणाल्या. पण बाळ छातीशी असताना त्या बराच वेळ कान देऊन बसल्या. बाळाच्या तोंडातून टक्‌ टक्‌ असा आवाज येत होता. पकड सुटत होती, ओठांच्या कडेने दूध ओघळत होते.

"जिभंखालचा पडदा आखूड हाय हिचा," त्या म्हणाल्या. "समद्यांस्नी तरास हुतोच असं न्हाय. पर हिला वढता येईना झालंय. डॉक्टरास्नी दावा, काका."

"ते शुभचिन्ह आहे. पिंपळपान आहे ते."

"असंल की पिंपळपान! पर पिंपळाला आईचं दूध प्यावं लागत न्हाय."

पत्नी हसली. मला ते हसू खटकले. मी सांगितले की बारसे होईपर्यंत बाळ उंबरठ्याबाहेर जाणार नाही, आणि त्याच्या अंगाला लोखंड तर मुळीच लागणार नाही. शास्त्रात असा निषेध आहे काय, असे कोणी विचारले असते तर मला वचन दाखविता आले नसते. ती केवळ आमच्या घरची चाल होती. पण माझ्या तोंडून निघाले की लोक तेच शास्त्र समजतात, हे मला ठाऊक होते आणि मी ते समजू दिले.

पुढचे दिवस लेक तास तास बाळाला घेऊन बसे. स्तनाग्रांना चिरा पडल्या. बाळ ओढून ओढून थके, झोपे आणि अर्ध्या घटकेत पुन्हा रडे. पाचव्या दिवशी ती दाराआडून म्हणाली, "आप्पा, पाजायला घेतलं की सुरीनं कापल्यासारखं होतं हो. हिचं पोट भरत नाहीये."

मी म्हणालो, "बाळ, तपावाचून मातृत्व नाही."

त्यानंतर तिने मला काही सांगितले नाही.

सातव्या दिवशी आशाताई आल्या, तेव्हा बाळ झोपले आहे, उठवू नका, असे सांगून मी त्यांना ओसरीवरूनच परत पाठविले. बाळ शांत झाले, याचा मला आनंद होता. ते थकून निपचित पडू लागले होते, हे मला उमगले नाही. नवव्या दिवशी सकाळी पत्नीने लंगोट दाखविला. आदल्या दुपारपासून तो एकदाच ओला झाला होता, आणि त्यावर विटकरी डाग होता. बाळाचे अंग तापले होते, टाळू खोल गेली होती. हलविले तरी ते रडेना.

गाडी करून पत्नी, लेक आणि मी बाळाला घेऊन बेळगावला निघालो. संकेश्वरच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. लेक मागच्या आसनावर बसून बाळाच्या तोंडात कापसाने थेंब थेंब दूध पिळत होती. त्याच रांगेत बाळाला पहिला झटका आला. इवलीशी मूठ एका लयीत हलत राहिली. माझ्या ओठांवर स्तोत्र होते, लेक म्हणाली, "आप्पा, गप्प बसा."

बालरोगतज्ज्ञ बाईंनी बाळाला काचेच्या खोलीत ठेवले. अंगातले पाणी आटून रक्तातले मीठ फार वाढले होते. ते हळूहळूच उतरवावे लागते, घाईने उतरविल्यास मेंदूला सूज येते, असे त्यांनी सांगितले. जिभेविषयी मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी बाळ वाचू दे, आजोबा. मग जीभ."

बाळ शुद्धीवर आल्यावर तेथील परिचारिकेने लेकीला जवळ घेण्याच्या निरनिराळ्या पद्धती शिकविल्या, काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजविले. ती कानडी मुलुखातली, तिचे मराठी मोडके. पण हात आईसारखा. दोन दिवस सारे करून पाहिले. जीभ खालच्या हिरडीपुढे येत नव्हती आणि पकड सुटतच होती. तेव्हा बाईंनी पडदा मोकळा करण्याचे सुचविले.

मी विचारले, "न कापल्यास ही तोतरी होईल का? आणि कापल्याने वाणी बिघडेल का?"

"बोलण्यासाठी मी कापत नाही. अशी जीभ असलेली कितीतरी मुलं स्वच्छ बोलतात. काहींना ल, र, त जड जातात. ते बोलायला लागल्यावर बघता येतं. ही पिऊ शकत नाही, म्हणून कापायचं. पिणारं, वाढणारं बाळ असतं तर मी हातही लावला नसता."

घरात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, जन्मतः के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले होते का, हे त्यांनी विचारून घेतले. लेकीने सही केली. माझ्याकडे पाहिलेही नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळले, परिचारिकेने डोके धरले, बाईंनी जीभ उचलून बोथट टोकाच्या कात्रीने तो पातळ पडदा कापला. बोळ्यावर रक्ताचे चार थेंब. रडणे सुरू होते न होते तोच बाळ छातीशी होते. मी पाठ फिरवून उभा होतो. टक्‌ टक्‌ थांबले आणि गिळण्याचा आवाज आला. "आई, दुखणं निम्म्यावर आलं गं," असे लेक म्हणाली आणि मोठ्याने रडली.

इतकेच काम होते. निपाणीहून तिसऱ्या दिवशीच निघालो असतो, तर कदाचित पाजण्याची पद्धत बदलूनही भागले असते. नाहीतर ही एक कात्री. त्या दिवसांत लेकीचे दूध ओसरले होते. ते पुरते परतले नाही. पुढे निम्मे दूध डब्यातलेच द्यावे लागले. झटक्यांनी मेंदूला काय इजा केली, हे काळच सांगेल, असे बाई म्हणाल्या. वर्षाची झाली तरी नात आधाराशिवाय बसत नाही. व्यायाम चालू आहेत.

शेजारच्या आक्का परवा म्हणाल्या, "जीभ कापली म्हनून पोर मागं पडली व्हय?"

"नाही आक्का," मी म्हणालो. "जीभ कापली म्हणून ती प्यायली. मी थांबविले म्हणून मागे पडली."

हे वाक्य मी आता विचारील त्याला सांगतो.

आज सकाळी लेकीचा दूरध्वनी आला. नेहमीप्रमाणे ती आईशीच बोलली. मी जवळ बसून राहिलो. शेवटी पत्नीने यंत्र माझ्या हाती दिले. क्षमा माग, असे मन म्हणत होते. ती मी पूर्वी मागितली आहे आणि तिने उत्तर दिलेले नाही. म्हणून मी एवढेच विचारले, "बाळ, तुझी पाठ दुखते का गं, तिला सारखी उचलून?"

मग ती म्हणाली, "दुखते, आप्पा." आणि कुठे, कधी, किती, ते सांगत राहिली. मी मध्ये एक शब्दही बोललो नाही.

वाचकहो, तुमच्या घरी बाळे तृप्त होऊन निजोत, बाळंतिणींना आरोग्य लाभो, आणि वडीलधाऱ्यांना ऐकून घेण्याची बुद्धी परमेश्वर वेळेवर देवो. शुभं भवतु.