फिक्स तीस, व्हेरिएबल तीस

आमच्या मास्तरांना कंपनीने खोटारडा ठरवून घरी पाठवलं. ते कसं झालं हे मी सांगणारच, कारण त्यांची प्रत्येक ऑर्डर कॉम्प्युटरवर चढवणारी बाई मी आहे. कोणाला राग येवो नाहीतर लोभ.

आम्ही बेकरीच्या भट्ट्या विकतो. एखादी कपाटाएवढी असते, एखादी खोलीएवढी. मास्तर आमचे सेल्समन. शाळेत त्यांनी कधीच शिकवलं नाही, पण खिशात खडू असायचा. बेकरीत गेले की आधी जमिनीवर खडूने भट्टीची जागा आखायची, तिचं दार उघडल्यावर माणूस कुठे उभा राहील तेही आखायचं. मग मालकाला म्हणायचे, "यात फिरून दाखवा." मालक कोपराने भिंतीला धडकला की मास्तर लहान भट्टी सुचवायचे. "अहो, मोठी विकली असती तर!" मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "ताई, ती त्याला रोज शिव्या द्यायला लावेल. मला." अशा माणसाची चौदा वर्षं आमच्याकडे गेली, आणि एकदाही टार्गेट चुकलं नव्हतं.

पगार महिन्याला साठ हजार. त्यात अठ्ठेचाळीस फिक्स, म्हणजे काही झालं तरी मिळणारे. आणि बारा व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट पूर्ण झालं तर मिळणारे, तेही तीन महिन्यांचे एकदम. ऐंशी-वीसचं प्रमाण. त्या अठ्ठेचाळीसच्या जोरावर त्यांनी घर घेतलं होतं. हप्ता चोवीस हजार. घरात वहिनी, कॉलेजातली दोन पोरं. ताणून-ओढून पण नीट चाललं होतं.

मग मुख्य ऑफिसातून मोठे साहेब आले. मीटिंगच्या खोलीत पडदा लावला, बिस्किटं आली, आणि पडद्यावर आकडा आला: पन्नास-पन्नास. तीस फिक्स, तीस व्हेरिएबल.

"एकूण तेवढेच, साठ," मोठे साहेब म्हणाले. "कोणाचा एक पैसा कापलेला नाही. उलट टार्गेटच्या वर जाल तिथे दीडपट दर. कमाईला मर्यादाच नाही!"

तेवढेच म्हणे! साठ आणि साठ सारखे दिसतात ते पडद्यावर. अहो, आधी धंदा पार झोपला तरी अठ्ठेचाळीस घरी यायचे. आता झोपला तर तीस. मधले अठरा हजार कुठे गेले? ते कंपनीच्या खिशातून निघाले आणि "बघू, मिळाले तर मिळाले" या खात्यात जाऊन बसले. वाईट दिवसांचा भार आधी बराचसा कंपनी उचलायची, आता तो सेल्समनच्या डोक्यावर. त्या बदल्यात सरासरी पगार तरी वाढवायचा! धोका वाढवला आणि मोबदला तोच ठेवला, याला कापणं म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

वर एक अट होती, बारीक अक्षरात. टार्गेटच्या ऐंशी टक्क्यांखाली राहिलात तर व्हेरिएबल शून्य. आणि भट्टी मोजायची ती ऑर्डर आल्यावर नाही. गिऱ्हाइकाकडे बसून चालू झाल्यावर. त्याचा इन्स्टॉलेशन रिपोर्ट, त्यावर गिऱ्हाइकाची सही.

मास्तरांनी हात वर केला. "सर, तुमचं स्वतःचं प्रमाण काय आहे?"

सगळे हसले. मोठे साहेबही हसले. "ते गोपनीय असतं," म्हणाले आणि पडद्यावरचं पान उलटलं.

सह्या करायला आठ दिवस होते. मी मास्तरांच्या मागे लागले, "करू नका हो. सगळे मिळून नाही म्हणा." पण इथेच त्यांनी माती खाल्ली. कोणी गळ घातली म्हणून नाही, स्वतःच्या आकड्यांवर भाळून. "ताई, चौदा वर्षांत मी शंभरच्या खाली आलोय का? मला तर फायदाच आहे." चांगला सेल्समन हीच चूक करतो. त्याला वाटतं, सगळं आपल्या हातात आहे. विकणं त्याच्या हातात असतं. भट्टी बनवणं थोडंच असतं?

पहिल्या तीन महिन्यांचं टार्गेट दहा भट्ट्या. मास्तरांनी बारा विकल्या. बारा! ऑर्डरी मी चढवल्या. आणि कारखान्यात कंट्रोल पॅनेल संपली. पुरवठादार बदलला होता, स्वस्तातला मिळाला म्हणून. सांगाडे तयार, दारं तयार, पॅनेल नाही. तीन महिने संपत आले तेव्हा मास्तरांच्या सात भट्ट्या बसल्या होत्या. सात म्हणजे सत्तर टक्के. सत्तर म्हणजे शून्य.

तोवर घरी तीस हजारच जात होते. हप्ता गेला की सहा उरायचे. चार माणसं, सहा हजार. वहिनींनी बांगड्या मोडल्या, ते मला नंतर कळलं. मास्तर डबा आणायचे बंद झाले. "बाहेर खाऊन आलो" म्हणायचे. माझं आपलं पूर्ण फिक्स, महिना भरला की पगार जमा; त्यांच्यासमोर डबा उघडायची मला लाज वाटायला लागली.

शेवटच्या दिवशी आमचे एरिया मॅनेजर साहेब माझ्या टेबलापाशी आले. मास्तर समोरच होते. साहेबांचं स्वतःचं प्रमाण सत्तर-तीस, आणि त्यांचं तीस आमच्या सगळ्यांच्या भट्ट्यांच्या बेरजेवर. म्हणजे त्यांचाही गळा अडकलेला.

"मास्तर, एकच भट्टी हवी. आठ झाल्या की ऐंशी टक्के. तीन महिन्यांच्या नव्वदातले बहात्तर हजार सुटतात तुमचे. त्या बेकरीवाल्या मावशींची भट्टी दहा-बारा दिवसांत जाणारच आहे. आजच सही घेऊन या."

"पण भट्टी बसलेली नाही, साहेब."

"बसणार आहे ना? कागद चार दिवस पुढे-मागे. सगळे करतात. आणि नसेल आणायची तर राहू दे बुवा, घर तुम्हाला चालवायचंय."

मी ऐकत होते. सगळं ऐकत होते, आणि तोंडातून ब्र काढला नाही. साहेबांनी पुढे केलेला कोरा रिपोर्ट मास्तरांनी बॅगेत घातला. मग बॅग उचलून गेले.

चारला परत आले. रिपोर्टवर सही होती. "मावशींनी वाचलंसुद्धा नाही," म्हणाले. "म्हणाल्या, तुम्ही सांगताय ना, मग झालं." एवढं बोलून ते नळाखाली तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी नोंद चढवली. माझ्याच बोटांनी. हे मी लपवणार नाही.

बहात्तर हजार मिळाले. वहिनींनी उधारी फेडली. पॅनेल मात्र आलं नाही. दहा दिवसांचे पन्नास झाले.

आता गंमत बघा. कॉम्प्युटरला कोण समजावणार? त्याच्या लेखी मावशींची भट्टी बसून चालू झाली होती. बसली की उरलेली दहा टक्के रक्कम द्यायची, असा करार. पंचेचाळीस दिवस झाले आणि मावशींच्या नावे व्याजासकट मागणीपत्र निघालं. वॉरंटीचं वर्षही त्याच तारखेपासून सुरू झालेलं. न आलेल्या भट्टीची!

मावशी ते पत्र घेऊन ऑफिसात आल्या. हाताला पीठ तसंच. भांडायला आल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "मास्तर, हे काहीतरी चुकून आलंय बघा. भट्टी कुठे आलीय अजून? माझी जुनी भट्टी निम्मे पाव जाळतेय आणि हे व्याज मागतात."

चूक कारखान्याची, बिलवाल्यांची, कोणाचीही सांगता आली असती. मीच म्हणणार होते, "बघते मावशी, गडबड झालीय." मास्तर उठून उभे राहिले. अख्ख्या ऑफिससमोर म्हणाले, "चुकून नाही आलं, मावशी. मी खोट्या रिपोर्टवर तुमची सही घेतली. भट्टी बसली असं त्यात लिहिलं होतं. मला पैसे हवे होते."

मावशींनी पत्राची घडी घातली. "मला सांगितलं असतंत तर," एवढंच म्हणाल्या आणि पत्र टेबलावर ठेवून गेल्या.

मग काय, चौकशी. चौकशीला मोठे साहेब स्वतः! एरिया मॅनेजर साहेब किती सहज म्हणाले, "मी रिपोर्ट आणा म्हटलं. खोटा आणा असं म्हटलं का?" मी लेखी दिलं की त्यांचं बोलणं मी समोर बसून ऐकलंय, आणि नोंद मी केलीय, मलाही शिक्षा करा. मनुष्यबळ विभागाने कागद परत पाठवला: विचारलं तेवढंच लिहा. मी तोच कागद पुन्हा पाठवला. तो कुठल्यातरी फायलीत सडत असेल. मला साधी ताकीदसुद्धा आली नाही, कारण मला धरलं असतं तर साहेबांनाही धरावं लागलं असतं.

मास्तरांचा राजीनामा घेतला. चुकीच्या नोंदीवर दिलेली रक्कम वसूल करण्याचं कलम पत्रात होतंच. बहात्तर हजार शेवटच्या हिशोबातून कापले. आणि साहेबांचं व्हेरिएबल? ते तसंच. एक भट्टी वजा केली तरी एरियाचा आकडा ऐंशीच्या वर होता म्हणे. पॅनेलचा पुरवठादार बदलून पैसे वाचवणाऱ्याला तर शाबासकी मिळाली. बारा भट्ट्या विकणारा एकटा माणूस या सगळ्यात बुडाला, आणि त्याच्यावरच शिक्का.

मागच्या आठवड्यात ऑफिसचा फोन वाजला. दुसरी एक कंपनी, फ्रीज विकणारी. मास्तरांनी तिकडे अर्ज केला होता आणि विचारपूस करायला माझं नाव दिलं होतं.

"माणूस कसा आहे?" पलीकडून विचारलं.

"प्रामाणिक आहे," मी म्हटलं. "एकदा खोटं बोलला, ते कोणी न पकडता स्वतः कबूल केलं. असा दुसरा माणूस मी आमच्याकडे पाहिलेला नाही. आता तुम्ही सांगा, पगाराचं प्रमाण काय ठेवलंय?"

तो जरा चाचरला. "साठ-चाळीस."

मला इतकं बरं वाटलं! "साठ फिक्स ना?"

"नाही, फिक्स चाळीस. पण मॅडम, कमाईला मर्यादा नाही."

मी फोन ठेवला आणि लगेच मास्तरांना लावला. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, मुळीच जाऊ नका, मेले हे आमच्या कंपनीहून वाईट आहेत, पुन्हा तेच होईल, पुन्हा तुम्हालाच कोणीतरी कागद देईल.

"माहीत आहे, ताई," शेवटी मास्तर म्हणाले. "सकाळीच सही करून आलो. हप्ता पाच तारखेला आहे."