'थांबा' लिहिलेलं बटण

पाण्याच्या टँकरची मागणी नोंदवायचा मोबाईलवरचा फॉर्म मी बनवत होतो. पाठवायचं बटण दाबल्यावर उत्तर येईपर्यंत ते बंद राहावं, म्हणजे कुणी घाईत दुसऱ्यांदा दाबणार नाही, एवढी अक्कल मला होती. पण बंद बटणावर काय लिहावं यात अख्खी दुपार गेली. शेवटी लिहिलं, 'थांबा'. कौतुकानं बायकोला दाखवलं. एसटीच्या थांब्याची पाटी वाटते, म्हणाली. तिचं माहेर जामखेडकडचं, तिला सॉफ्टवेअरमधलं काय कळणार, असं मी मनात म्हटलं.

मे महिन्यात तिकडच्याच एका ग्रामपंचायतीतून फोन आला. फॉर्म भरणाऱ्या ताई होत्या, आवाज दबलेला. वरच्या वस्तीवर टँकर रिकामा झाला होता आणि त्याच वस्तीसाठी दुसरा निघालाय, असा त्यांना मेसेज आला होता. मागितला एकच होता.

मी नोंदी उघडल्या. त्याच वस्तीच्या दोन मागण्या, एकीला लागून दुसरी. बटण तर बंद होतं, मग दुसरी गेली कशी?

"तुमीच लिवलंय न्हवं, थांबा म्हनून," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, मागनी थांबली. मग पान बंद केलं नि परत भरली."

पान नव्यानं उघडलं की माझं बटणही नव्यानं उघडत होतं. पहिली मागणी तेव्हा कमकुवत रेंजमधून रखडत चाललेली. सर्व्हरच्या लेखी दोन्ही वेगवेगळ्या.

चूक कळली तरी ताईंनी फोन ठेवला नाही. वर निघालेला तो दुसरा टँकर त्या दिवसाचा शेवटचा होता, आणि खालच्या वस्तीची मागणी रांगेत त्याच्या मागे होती.

"तिथं बाळंतीण हाय, सर. घरातलं पिंप कवाच कोरडं पडलंय."

मी ड्रायव्हरला फोन लावत राहिलो. दर वेळी तीच बाई सांगायची, संपर्क क्षेत्राबाहेर. मधेच ताईंचा फोन यायचा, "लागला का, सर?" शेवटी ड्रायव्हरच बोलला. वरची टाकी भरलेलीच होती, गाडी रिकामी करायचा हुकूम होता, म्हणून पाणी ओढ्यात सोडलं. खालच्या वस्तीला आता सकाळीच.

त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली. फॉर्म उघडताच एक खूणक्रमांक तयार होतो आणि सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत फोनमध्येच राहतो. पान कितीदा उघडलं तरी मागणी त्याच क्रमांकानं जाते, आणि सर्व्हर दुसरीला पहिलीचंच उत्तर देतो. बटणावर आता आहे, 'मागणी जात आहे, पुन्हा भरू नका'.

जेवताना हे सगळं बायकोला सांगितलं, दुरुस्ती जरा रंगवूनच. तिनं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"अहो, दुसरी मागणी थांबवलीत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण आज रात्री ती बाळंतीण काय पिणार?"