पाळण्याच्या पट्टीतला चौथा स्क्रू

पहिल्या बाळंतपणाला मी कोल्हापुरात माहेरी होते. बारशाच्या आदल्या दिवशी कुरुंदवाडहून टेम्पोत घालून सासरचा पाळणा आला. जुना सागवानी, पॉलिश अजून चकचकीत. त्या घरातलं जवळजवळ प्रत्येक पोर म्हणे ह्यातच झोपलेलं. तो सांभाळायच्या मोठ्या सासूबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली वहिनी. त्यांचा निरोप टेम्पोवाल्याने दारातूनच ओरडून सांगितला, "लाकडाला वरखडा आला तर बगा म्हणाल्यात!" सून नाजूक आहे, जपा, असा काही निरोप नव्हता. मला राग आला, पण बाळंतिणीचा राग कोण मोजतो.

वडिलांनी पाळणा सोप्यातल्या हुकाला टांगला. मी आतल्या खोलीत शेगडीच्या धुरात पडून दारातून बघत होते. ते झोका देऊन बघायला गेले तशी आई धावली. रिकामा पाळणा हलवत नाहीत, पोराला बाधतं. वडील म्हणाले, मग रिकामा नको. स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, फडक्यात गुंडाळून आत ठेवला आणि हलकासा झोका दिला.

टक.

परत दिला. परत टक. मुलगी माझ्या कुशीत दचकली, की मीच दचकले, ते आता सांगता येत नाही.

माझे वडील उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचे. आयुष्य सागवान तासण्यात गेलेलं, त्यामुळे आवाज कुठून येतोय ते त्यांना लगेच कळलं. पाळण्याच्या चारी खांबांना एकेक लोखंडी पट्टी होती, पट्टीच्या वरच्या टोकाला कडी, कडीत साखळी. प्रत्येक पट्टीला चार स्क्रू. त्यातली एक पट्टी हलत होती.

पाळणा खाली उतरवून त्यांनी स्क्रू आवळायला घेतले. पहिला फिरतच राहिला, आवळेना. दुसरा तसाच, तिसरा तसाच. शेवटी त्यांनी ते तिन्ही नुसत्या बोटांनी काढले आणि तळहातावर घेऊन आईला दाखवले.

"बघ. हातोडीनं ठोकल्यात. स्क्रू म्हंजे खिळा हाय व्हय?"

"झाकून टाका तसंच," आई म्हणाली. "उद्या पावणं येणार. त्यांच्या वस्तूला हात लावल्याला आवडंल का त्यांना?"

"आन पोरगी पडली तर?"

हे वाक्य बारशाच्या घरात बोलायचं नसतं. आईने तोंडावर हात ठेवला. मी मुलीला जवळ ओढलं, आणि खरं सांगते, त्या पाळण्याची मला भीती वाटायला लागली.

भोकं दुरुस्त करायची तर पट्टी काढायला हवी, आणि पट्टी धरून बसला होता चौथा स्क्रू. त्याच्या डोक्यावरची खाच पार झिजून गुळगुळीत झालेली. पेचकस टेकवला की घसरायचा. एकदा घसरून पट्टीवरनं लाकडाच्या अगदी जवळ गेला, तेव्हा वडिलांनी पेचकस ठेवून दिला आणि पट्टीच्या कडेनं पुठ्ठा चिकटवला. मग टोच्याने खाचेतलं जुनं पॉलिश खरवडून काढलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाचेवर ठेवून त्यातून पेचकस दाबून बघितला. रबर फाटलं, स्क्रू हलला नाही.

"रॉकेल सोडा की दोन थेंब," आई म्हणाली.

"लाकूड पितंय ते. डाग कायमचा."

मग त्यांनी झाळायची इस्त्री तापवली, म्हणजे रेडिओवाल्यांकडे असते ती, आणि तिचं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरून ठेवलं. लोखंड तापून फुगतं, निवलं की आकसतं, त्यात गंजाची पकड सुटते. पॉलिश भाजू नये म्हणून पट्टीभोवती ओलं फडकं धरलं. तापलेल्या सागाचा वास आत माझ्यापर्यंत आला. निवल्यावर डोक्यावर लोखंडी पंच ठेवून हातोडीचे दोन टोले हाणले, आधी जरा आवळायच्या दिशेनं आणि मग उलटं फिरवून बघितलं. न्हाय म्हणजे न्हाय. "भाड्या," वडील त्याला म्हणाले. एरवी ते शिवी देत नसत.

दुपार कलली. शेवटी त्यांनी हातानं फिरवायचं ड्रिल घेतलं आणि स्क्रूच्या डोक्यात मधोमध सरळ भोक पाडायला लागले. डोकं तेवढं तोडायचं, खाली लोखंडाची पट्टी असल्यामुळे लाकडाला धक्का नाही. घाई केली तर ड्रिल घसरतं, म्हणून थोडं फिरवायचे, फुंकर मारायचे, परत थोडं फिरवायचे. डोकं अंगठीसारखं सुटून वर आलं. पट्टी उचलली, तर स्क्रूचं धड लाकडाबाहेर जरासं डोकावत राहिलं. त्याच्याभोवती पत्र्याचा तुकडा सरकवला, पकड आवळली, आणि थोडं पुढे, थोडं मागे करत फिरवलं. लाकूड कुरकुरलं. धड बाहेर आलं ते बाकीच्या तिघांच्या दुप्पट लांब होतं आणि आट्यांत ताजा सागवान भरलेला. सगळा पाळणा त्या कोपऱ्याला ह्या एकट्याने धरला होता.

लाकडाला एक चरा नव्हता. मला हायसं वाटलं. पण वडील उठेनात.

पट्टीखालचं लाकूड ते नखाने उकरत होते. तीन भोकांतून लाख आणि भुसा निघाला, फाटलेलं लाकूड बुजवायला भरतात तसा. भरलेलं सगळं काढल्यावर दिसलं, भोकं गोल नव्हतीच, वरच्या अंगाला लांब फाटत गेलेली.

"ही पट्टी एकदा उपसून आलीया," ते हळू म्हणाले. "वजन आत असताना."

आई पाळण्यापासून मागे सरकली. त्या घरच्या पाळण्यात वजन कशाचं असणार.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. मोठ्या सासूबाई उद्याच्याऐवजी आजच आल्या होत्या. पायावर पाणी घ्यायलाही थांबल्या नाहीत, सुटलेल्या पट्टीकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. आई घाबरून सांगायला लागली की आम्ही जपूनच काढलंय. वडिलांनी तिला हाताने थांबवलं आणि फाटलेली भोकं दाखवली, स्क्रू दाखवले, आणि पट्टी वजनासकट उपसून आली होती हेही सांगितलं.

त्या खाली बसल्या. एका भोकात बोट घातलं.

"माजं पैलं पोर ह्यातनं पडून गेलं," त्या म्हणाल्या.

त्यांना असं मूल होतं हे सासरी मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"मला डुलकी लागली, दोरी जोरात वडली, पोर भाईर फेकलं गेलं. असं सांगितलं समद्यांनी. मलाबी डुलकी लागलीच हुती. म्हनून मी कुणाला काय बोलले न्हाय. मागनं झालेली पोरं मी भुईवर गोधडीत वाढवली."

"आक्का, जोरात वडून लाकूड असं फाटत न्हाय," वडील म्हणाले. "लई दिस सुटत आल्यालं असणार. कदीतरी निगणारच हुतं, कुणीबी झोका दिला असता तरी." मग त्यांनी विचारलं, "पट्टी परत कुणी बसवली?"

"ह्यांनीच. त्याच दिवशी. कुनाला जवळ येऊ दिलं न्हाय."

माझे थोरले मामंजी, म्हणजे मोठ्या सासूबाईंचे यजमान, वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. फाटलेलं लाकूड त्यांनी बघितल्याशिवाय त्यात लाख भरली कशी असती? हे सोप्यातल्या तिघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं असणार. माझी मुलगी रडायला लागली आणि मला तिला पाजायचंही सुचेना.

"नुसत्या स्क्रूवर आता मी न्हाय ठेवायचा," वडील शेवटी म्हणाले. "बोल्ट घालून नट आवळायला पायजे. पर लाकडाला आरपार भोक पाडावं लागंल."

मोठ्या सासूबाईंनी बोट काढलं आणि लाखेचा भुगा पदराला पुसला.

"पाडा," त्या म्हणाल्या. "चारी खांबांला पाडा. त्यांच्या लाकडाला लई जपलं मी."