खाली घेतलेला पलंग

आजोबांची काळजी मावशींच्या मनातून काही केल्या जाईना. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करण्यात त्यांची उभी हयात गेली, पण रात्रभर पलंगावरून उतरू पाहणारा असा हट्टी म्हातारा त्यांनी पाहिला नव्हता. सकाळी दांडा फिरवून त्यांनी पलंग जमिनीलगत आणला आणि आजोबांच्या परगावच्या, हिंदी बोलणाऱ्या लेकीला हिंदीत मेसेज केला, "बाबूजी अब शांत हैं। पलंग खाली किया है।"

उत्तर आलं नाही. दुपारी मात्र उशाशी आजोबांचा मोबाइल लुकलुकू लागला. घरच्यांच्या ग्रुपवर एकामागून एक श्रद्धांजली, तीही आजोबांनाच.  मावशींनी आजोबांच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता.

"सिस्टर, जित्या माणसाला कोण श्रद्धांजली वाहतं हो?"

सिस्टरने मावशींचा मेसेज वाचून कपाळाला हात लावला. "अहो मावशी, हिंदीत खाली म्हणजे रिकामा! माणूस गेला, पलंग मोकळा झाला, असं वाचलं त्यांनी."

"अगं बाई! मी तर नुसता खाली घेतला."

"मग लिहा दुसरा मेसेज."

"आता लिहिणं नको." मोबाइल पुन्हा लुकलुकला. आजोबा गाढ घोरत होते. तिकडे लेक रडत असेल, या विचाराने मावशींना राहवेना. तिला फोन लावायचा आणि आधी हे घोरणंच ऐकवायचं, असं त्यांनी ठरवलं.